पॉइंट टू-टूच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"काका, लायसन्स आहे, एवढी वर्षं रेंजवर जाता, मग अजून पॉइंट टू-टूच काय मारत बसता? मोठ्या बोअरचं घ्या की आता."

घेतलं होतं. थोडं नाही, चांगलं दीड सीझन मारलं. हे कुणाला माहीत नसतं म्हणून प्रत्येक जण मला नव्याने शहाणपण शिकवतो, भाचा यूट्यूब बघून, सातपूरच्या कारखान्यातले शेजारी त्यांच्या घरच्या रिव्हॉल्वरच्या जोरावर, आणि रेंजवरची कॉलेजची पोरं तर विचारत पण नाहीत, नुसती हसतात.

बोअर म्हणजे नळीच्या आतली जाडी, तर आधी मोठं बोअर म्हणजे काय ते ठरवू. भाच्याच्या डोक्यात 9 एमएम आणि .45 असतं. 9 एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे ते कितीही छान असलं तरी आपल्या कामाचं नाही. रेंजवर खरी निवड दोनच गोळ्यांत असते, .22 लाँग रायफल आणि 25 मीटर सेंटरफायर या स्पर्धेला चालणारी .32 एस अँड डब्ल्यू लाँग, तीही वॉडकटर, म्हणजे चपट्या तोंडाची, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडणारी. आणि कृपा करून .32 म्हणजे सगळं एकच असं समजू नका, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या रिव्हॉल्वरला .32 एस अँड डब्ल्यू लाँग लागते आणि त्यांच्याच पिस्तुलाला .32 एसीपी, एकीची गोळी दुसऱ्यात घालायची नसते.

आता मॅगझीनचं. भाचा सांगतो 9 एमएम मध्ये सतरा बसतात आणि .45 च्या जुन्या सिंगल स्टॅक पिस्तुलात सात-आठच, म्हणून 9 एमएम भारी. बरोबर आहे त्याचं, जाड काडतूस त्याच उंचीत कमीच बसणार, आणि सिंगल स्टॅक म्हणजे काडतुसांची एकच रांग. पण मॅचमध्ये पाच गोळ्यांची सीरिज असते, मॅगझीनमध्ये पाचच भरायच्या, सहावी भरली तर उलट शिक्षा. टार्गेट पिस्तुलाचं मॅगझीन मुळातच तेवढ्यापुरतं बनवलेलं असतं. शिवाय .22 आणि .32 दोन्हीच्या बुडाला कडा असते, रिम, आणि वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे नाही बसली तर अडकतं, त्यामुळे भरताना घाई करायची नाही. कपॅसिटीवर मला एवढंच बोलायचं आहे. रेंजवरच्या माणसासाठी हा प्रश्नच नाही.

रिकॉईल. इथे थोडं गणित करतो कारण "धक्का फार नसतो हो" असं म्हणणारेच जास्त भेटतात. .22 ची गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर, वेग साधारण 320 मीटर सेकंदाला. .32 वॉडकटर साडेसहा ग्रॅमच्या आसपास पण सावकाश, 230 च्या घरात. वजन गुणिले वेग केलं की .32 चा रेटा .22 च्या पावणेदोन पट येतो. 9 एमएम केलं तर तिप्पट, .45 केलं तर साडेचार पट. मात्र हाताला जे जाणवतं ते रेट्यापेक्षा पिस्तूल किती जोरात मागे उडतं यावर जास्त असतं, आणि ती ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणून सव्वा किलोच्या आतल्या त्याच पिस्तुलात .32 ची लाथ .22 च्या तिप्पट निघते. तीच .32 पाऊण किलोच्या छोट्या रिव्हॉल्वरमध्ये घातली तर अजून दीडपट. शेजाऱ्यांचं रिव्हॉल्वर रेंजवर नको म्हणतो ते यासाठी, उगाच नाही.

आता तुम्ही म्हणाल तिप्पट म्हणजे तरी किती, पोर पण सहन करेल. करेल की. मी पण केलं. .45 तर मी पट्टायाला भाड्याच्या रेंजवर मारली, हात काही मोडला नाही, मजा आली. सहन होण्याचा मुद्दाच नाही हे समजायला मला वेळ लागला.

झालं असं. क्लबकडे एकच बॉडी, तिच्यावर .22 चा सेट पण बसतो आणि .32 चा पण. ग्रिप तीच, ट्रिगर दोन्हीकडे किमान एक किलोचा. मी .22 वर बरा होतो, सहाशेपैकी पाचशे चाळीसच्या वर जायचो, तर वाटलं आता सेंटरफायर. पहिले काही आठवडे मस्त गेले. सेंटरफायरमध्ये पहिल्या तीस गोळ्या प्रिसिजन, पाच गोळ्यांना पाच मिनिटं, नुसता आराम. पुढच्या तीस रॅपिड, तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी मारायची आणि मग सात सेकंद हात खाली. म्हणजे धक्क्यानंतर पिस्तूल परत जागेवर आणायला भरपूर वेळ. तिथे रिकॉईल तुमचा वेळ खातच नाही. शिवाय गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे एक-दोन हजारांशच लागतात, हाताला धक्का नीट कळेपर्यंत ती गेलेली असते. हे सगळं मी वाचलेलं होतं आणि सगळ्यांना ऐकवत पण होतो.

मग गोळ्या खाली-डावीकडे जायला लागल्या, घड्याळातल्या सातच्या बाजूला. मी रिअर साइटची दोन क्लिक वर, एक उजवीकडे केली. ग्रुप मध्ये आला. पुढच्या पंधरवड्यात परत सातला. परत क्लिक. मी डायरी ठेवतो, दर वेळी क्लिक लिहितो, आणि त्या डायरीत ते आकडे एकाच दिशेने चढत गेलेले स्पष्ट दिसत होते, पण मी त्याचं कारण लाइट, गोळीचा लॉट, ग्रिपचं लाकूड असलं काहीबाही लावत होतो.

एका रविवारी सर मागे येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, माझं पिस्तूल घेतलं आणि माझ्याच साइटवर पाच मारल्या. टार्गेटवर एवढा घट्ट ग्रुप, पण घड्याळातल्या एकच्या बाजूला, सात गुणांच्या रिंगमध्ये. म्हणजे माझ्या खराबीच्या बरोब्बर उलट दिशेला. मी लगेच म्हटलं सर तुमची पकड वेगळी, माझी वेगळी, प्रत्येकाचं झीरो वेगळं असतं. ते खरं पण आहे, मी आजही म्हणतो खरं आहे. पण एवढं वेगळं नसतं. सरांनी वाद घातला नाही. मॅगझीन मागून घेतलं, पाठ वळवून भरलं आणि हातात दिलं, म्हणाले मार.

पहिली गेली. दुसरी गेली. तिसऱ्याला ट्रिगर दाबला आणि टक. डमी होती. आवाज नाही, धक्का नाही, आणि पुढचं साइट कुणीतरी वरून थापड मारल्यासारखं खाली गेलं, डाव्या बाजूला. लेनमागे चार-पाच जण उभे होते. दोन पोरं, ज्यांना मी फॉलो-थ्रूवर लेक्चर द्यायचो. सर म्हणाले परत, आणि पुन्हा भरून दिलं, डमी कुठे ते मला माहीत नाही. परत तेच. त्यातलं वाईट म्हणजे मला माहीत होतं की कुठेतरी डमी आहे, मी मुद्दाम मनगट आवळून बसलो होतो, तरी ते खाली गेलंच. मन म्हणतं थांब, हात म्हणतो धक्का येतोय, मी आधीच दाबून टाकतो. मग सरांनी त्याच बॉडीवर .22 चा सेट चढवला, त्यात डमी घालून दिली, तिथे पण साइट हललं. थोडं, पण हललं. खोड .22 मध्ये पण उतरली होती.

घरी जाताना गंगापूर रोडला चहाला पण थांबलो नाही.

आता माझा आधीचा मी इथे मध्ये बोलतो, त्याचं पण ऐका. तो म्हणतो .32 ला दोष का देतोस, हे धक्क्याआधीच दचकणं, ही फ्लिंच, तुझ्या डोक्यात आहे. एशियन गेम्सला जसपाल राणांनी 2006 मध्ये दोह्याला सेंटरफायरमध्ये 590 मारून वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली, ती काय .22 ने? .32 ला तसे लोक लागतात, तू त्यातला नाहीस. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्या लेव्हलचा माणूस वर्षाला किती गोळ्या मारतो ते बघा, आणि मग आपण पैशावर आणि कोट्यावर येऊ.

कारण खरी गोम तिथे आहे. फ्लिंच जाते ती हजारो गोळ्यांनी आणि त्याहून जास्त रिकाम्या ट्रिगरने. अमेरिकेत साधी .22 सगळ्यात स्वस्त, 9 एमएम तिच्याहून बरीच महाग, .45 त्याहून महाग, आणि तिकडचे .32 वाले रिकामी केस परत भरतात. .22 ची केस परत भरता येत नाही कारण तिचा प्रायमर रिममध्येच असतो, पण ती मुळात स्वस्त. आपल्याकडे .22 मॅच गोळी पण बाहेरून येते, स्वस्त नाही, आणि .32 वॉडकटर तर आली तर आली. वर लायसन्सवर गोळ्यांची मर्यादा. 2020 ला सरकारने खेळाडूंची मर्यादा वाढवली, पण तेव्हाही .22 ला जास्त आणि सेंटरफायरला कमी असंच राहिलं. आठवड्याला दोनदा साठ-साठ मारल्या तरी वर्षाला सहा हजार होतात. .22 ने हे खेचून जमेल. .32 ने माझ्यासारख्याला पैसा आणि गोळी दोन्ही पुरणार नाही. म्हणजे ज्या काडतुसाने खोड लागते, ती घालवायला पुरेशी तीच काडतुसं मिळत नाहीत. म्हणून .22, आणि घरी भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर. .22 ला रिकाम्या चेंबरवर मारायचं नाही, बहुतेक मॉडेलमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, पिस्तुलातच ड्राय फायरची सोय असेल तर ती वापरायची.

आणि ते "पॉइंट टू-टू पोरींचं" म्हणणाऱ्यांना, राही सरनोबतने 2018 ला जकार्त्याला 25 मीटरमध्ये गोल्ड घेतलं ते याच गोळीने. 2012 ला लंडनला विजय कुमारने रॅपिड फायरची सिल्व्हर घेतली ती पण याच गोळीने. ऑलिंपिकमध्ये गोळीच्या पिस्तुलाला आज हीच चालते.

तरी पण कबूल करतो, .32 चं ते गोल भोक बघायला मला अजून आवडतं. लोकांना वाटतं भोक मोठं म्हणून स्कोअर जास्त मिळत असेल, तसं नाही, सेंटरफायरला सगळ्यांना 9.65 मिलिमीटरच्याच गेजने मोजतात, गोळी 32 ची असो नाहीतर 38 ची. मला नुसतं दिसायला आवडतं.

भाच्यासाठी एवढंच, तुला मारायचंच असेल तर क्लबच्या .32 वर मार, पण मॅगझीन दुसऱ्याला भरायला दे, पाचात एक डमी, आणि साइटची क्लिक लिहून ठेव. आकडे एका दिशेने सरकायला लागले की मला फोन कर, लाइटला दोष द्यायच्या आधी. माझ्या नावावर .32 चा एक बॉक्स क्लबमध्ये अजून पडून आहे. सर म्हणतात संपव, मी म्हणतो बघू.