चिपाडं कुठं गेली?

"दुसऱ्याचं लिखाण नीट करून देताना भाषा किती चढवायची, हे तुम्ही कसं ठरवता?"

करवीर तालुक्यातल्या एका काकूंनी बचत गटाच्या स्मरणिकेसाठी गुऱ्हाळाच्या आठवणी लिहून आणल्या होत्या. वय ६२, शाळा सातवीपर्यंत. त्यांचं वाक्य होतं, ‘पहाटं उठून, भाकऱ्या थापून, पोरास्नी सासूजवळ ठेवून चुलवाणात चिपाडं घालायला जायचो.’ मी हौसेनं केलं, ‘भल्या पहाटेपासूनच माझ्या अविरत कष्टांना प्रारंभ होई.’ काकूंनी मोठ्यानं वाचायला घेतलं. ‘अविरत’वर अडखळल्या, मागं येऊन पुन्हा वाचलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. "ताई, चांगलं हाय, पर हे मी न्हवं. आणि चिपाडं कुठं गेली?"

तेव्हापासून मी आधी माणसाला बोलतं करते. काकूंना म्हटलं, कागद राहू दे, नुसतं सांगा. अर्धा तास जसंच्या तसं उतरवून घेतलं. शिक्षण कमी म्हणजे वाक्यं तोकडी, ही माझी समजूत तिथंच मोडली. त्यांची वाक्यं माझ्यापेक्षा लांब होती. उठून, थापून, ठेवून अशी एकात एक ओवलेली. त्यांच्या तोंडी एकदाही आलं नाही ते ‘करण्यात आले’, ‘च्या माध्यमातून’ आणि ‘प्रारंभ’. म्हणून ओवण तशीच ठेवली. दुरुस्त केलं ते शुद्धलेखन, प्रसंगांचा क्रम, आणि ‘तो म्हणाला’ यातला तो म्हणजे मालक की गुळव्या, एवढंच. ‘मळी’ शहरातल्यांना कळेल का म्हणून विचारलं, तर त्याच म्हणाल्या, "काहिलीत रस उकळला की वर मळ येतो, तो." तेच शब्द घातले.

‘जायचो’चं मी ‘जायची’ करणार होते. पण आपल्या कोल्हापूरकडं बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, आणि काकूंनी लिहिलंही तसंच होतं. ते राहिलं. त्यांची कॉलेजात शिकणारी नात घरात ‘आलो’ म्हणते, निबंधात मात्र ‘आले’ लिहिते. तिचं लिखाण माझ्याकडं आलं तर ‘आले’च ठेवीन. उलटी चूकही होते. काकू बोलताना ‘हाय’ म्हणतात, वहीत मात्र ‘आहे’ लिहितात. गावरान गोडीसाठी मी तिथं ‘हाय’ केलं असतं, तर त्यांनी शाळेत कमावलेलं मी पुसलं असतं.

दुसरा कागद त्या न अडता वाचत गेल्या. एका जागी थांबल्या. धाकटा आजारी असतानाचा प्रसंग होता. त्यांनी ‘चित्त थाऱ्यावर नव्हतं’ असं लिहिलं होतं. मला सातवीच्या मानानं ते जड वाटलं, म्हणून मी ‘मन’ केलं होतं. "चित्तच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "रोज हरिपाठ म्हणतो मी."