चार होळ्या पाहिलेला मुलगा आणि त्याचे वजन

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यात मी भरारी पथकात डॉक्टर म्हणून काम करते. पाड्यापर्यंत पायवाटेने जावे लागते, त्यामुळे वजनकाटा प्रत्येक वेळी सोबत असतोच असे नाही. मात्र इंजेक्शनचा डोस किलोवरच ठरतो. पहिली दोन वर्षे मी अशा वेळी १ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी शिकवले जाणारे सूत्र वापरत असे: वयाची दुप्पट अधिक ८.

या सूत्राची पहिली अडचण वयातच आहे. एका आईने मला सांगितले, “चार होळ्या पाहिल्या याने.” मी कार्डावर ४ वर्षे लिहिले. अंगणवाडीच्या ताईंनी लगेच दुरुस्ती केली, “मॅडम, हा होळीच्या आठ दिवस आधी जन्मला, म्हणून ती होळीही धरली आहे.” म्हणजे मूल जेमतेम ३ वर्षांचे होते आणि सूत्राचे उत्तर एवढ्यावरूनच १६ ऐवजी १४ किलोवर आले. दुसरी अडचण अधिक खोल आहे. वय अगदी अचूक असले तरी सूत्र सरासरी वाढीच्या मुलाचे वजन सांगते, आणि आमच्याकडची कितीतरी मुले त्या वयाच्या मानाने बुटकी आणि हडकुळी असतात.

त्यानंतर मी केवळ दंडघेराचा आधार घेऊन पाहिला. दंडघेरातून १० वजा करून ३ ने गुणायचे, असे एक सूत्र आहे. परंतु ते शाळकरी मुलांसाठी आहे. १ ते ५ वर्षांच्या दरम्यान मूल भराभर उंच होते, दंडाचा घेर मात्र फारसा वाढत नाही. म्हणूनच तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सर्वांना तीव्र कुपोषणासाठी दंडघेराची ११.५ सेंटिमीटरची एकच सीमारेषा लावता येते. दंड मुलाची भर सांगतो, उंची त्याचा आकार सांगते, आणि वजनासाठी दोन्ही लागतात.

म्हणून ताईंच्या मदतीने आम्ही आमचाच एक तक्ता तयार केला. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी प्रत्येक मुलाची उंची, दंडघेर आणि वजन एकाच ओळीत लिहायचे; उंचीचे ५ सेंटिमीटरचे आणि दंडघेराचे १ सेंटिमीटरचे गट पाडून प्रत्येक चौकटीत मधले वजन भरायचे. काटा खरा दाखवतो आहे ना, हे आधी १ किलोच्या मिठाच्या पाच पुड्या ठेवून पाहायचे. उंची × घेर × घेर असे सूत्र बसवण्याचा मोह मला झाला होता, पण हडकुळ्या मुलांत ते वजन कमी सांगते, कारण दंड वाळतो तसे डोके आणि धड वाळत नाही.

खरा वेळ मोजमाप शिकण्यात गेला. डावा हात कोपरात काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य पट्टीने काढायचा, खूण करायची, मग हात सैल सोडून त्या खुणेवर घेर घ्यायचा. सुरुवातीला आम्ही मध्य नजरेने ठरवत होतो, आणि एकाच मुलाचे ताईंचे व माझे माप सेंटिमीटरभर वेगळे येत होते. तक्त्यात एवढ्याने चौकट बदलते आणि वजनात जवळपास एक किलोचा फरक पडतो. पट्टी रुतली तर कातडीवर वळ उठतो, सैल असली तर खालून बोट सरकते. या दोन खुणा मी आजही पाहते.

तक्त्याची कसोटी एका मुलावर लागली. ताप, जोराने चालणारा श्वास, आई म्हणाली ४ वर्षांचा. उंची ९० सेंटिमीटर, दंडघेर १३.२. वयाच्या सूत्राने १६ किलो, केवळ दंडघेराने ९.६, तर त्या उंचीच्या सुदृढ मुलग्याचे मध्यम वजन १२.९ किलो. आमच्या चौकटीत ११.२ लिहिलेले होते. जेंटामायसिन किलोला ७.५ मिलिग्रॅम या हिशेबाने वयावरून १२० मिलिग्रॅम द्यावे लागले असते; आम्ही ८४ दिले आणि मुलाला पुढे पाठवले. रुग्णालयातल्या काट्यावर तो १०.९ किलो भरला.

दोन्ही पायांवर सूज असेल तर मात्र मी तक्ता मिटून ठेवते. पावलाच्या वरच्या भागावर अंगठा ३ सेकंद दाबून खळगा राहतो का, हे मोजण्याआधीच पाहते, कारण सुजेच्या पाण्याने दंड भरल्यासारखा दिसतो आणि वजनाचा अर्थही बदलतो. ज्या चौकटींत दहापेक्षा कमी मुलांच्या नोंदी आहेत, त्या पेन्सिलीनेच भरलेल्या आहेत. १२ सेंटिमीटरखालची बहुतेक रांग अजून तशीच आहे, आणि डोस चुकण्याची सर्वाधिक भीती नेमकी याच मुलांत असते. अशा मुलाच्या संदर्भ चिठ्ठीवर मी वजनापुढे ‘अंदाजित’ लिहिते, उंची आणि दंडघेर शेजारी नोंदवते आणि पोहोचताच काट्यावर पुन्हा वजन घेण्यास सांगते.