ऐरोलीचे फ्लेमिंगो आणि चौकडीचा शर्ट

ऐरोलीहून ठाणे खाडीत जाणारी बोट भरती बघून सुटते, आपली सोय बघून नाही. तिथवरचा प्रवास सांगण्यासारखा नाही. बोटीत मात्र फ्लेमिंगो दिसताच सगळे एकाच बाजूला उठून उभे राहिले, बोट कलंडली, आणि पुढच्या काकांचा चौकडीचा शर्ट माझ्या लेन्ससमोर आला. माणसांना बसून पक्षी का बघता येत नाहीत, देव जाणे.

घरी येऊन बघते तर हजारावर फोटो, त्यातले निम्मे हललेले. भाचा म्हणाला, "मावशी, डोळे कशाला फोडतेस? दोन ओळींचं काम आहे."

```python
g = cv2.imread(f, cv2.IMREAD_GRAYSCALE)
s = cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var()
```

लाप्लासियन प्रत्येक पिक्सेलची त्याच्या वरच्या, खालच्या आणि बाजूच्या शेजाऱ्यांशी तुलना करतो. सपाट आभाळात उत्तर शून्याच्या आसपास येतं, पिसाच्या कडेवर मोठं, कधी धन तर कधी ऋण. `CV_64F` त्यासाठीच, साध्या आठ बिटांत ऋण आकडे कापले जातात. या उत्तरांचा विचलनवर्ग, म्हणजे ती सरासरीपासून किती पसरलीत त्याचं माप, हाच फोटोचा गुण. धूसर फोटोत कडा विरघळतात, गुण घसरतो. शंभराच्या खाली गेला की फेकायचा, असा सगळीकडे सांगितला जाणारा ठोकताळा.

पहिला नंबर कोणाचा? काकांच्या शर्टाचा! त्यामागे तिवरांचे फोटो: पानं रेखीव, समोरचे पक्षी गुलाबी डाग. आणि राखाडी आभाळात उडणारा एक फ्लेमिंगो, पीस न् पीस स्पष्ट, त्याला गुण 38. तो थेट कचऱ्यात.

कारण सरळ आहे. हा आकडा पक्षी ओळखत नाही, पूर्ण चौकटीतल्या कडा मोजतो. आभाळाने नव्वद टक्के जागा खाल्ली की पक्षी कितीही शार्प असो, गुण कमीच. 2000 साली ही पद्धत सूक्ष्मदर्शकाखालच्या डायटम या इवल्या शैवालावर फोकस लावण्यासाठी तपासली गेली, तिथे दृश्य तेच राहतं आणि फक्त फोकस बदलतो. आमच्या बोटीत प्रत्येक फोटोचं दृश्य वेगळं. शिवाय संध्याकाळी आयएसओ वाढवला की दाणेदारपणालाही कडा समजून गुण मिळतात.

मग आम्ही शंभर सोडून दिला. वेळेवरून सलग टिपलेल्या फोटोंचे गट पाडले, फोकसचा बिंदू पक्ष्यावर जिथे रोखला होता तिथला सारख्याच मापाचा चौकोन कापला, हलका `GaussianBlur` देऊन दाणे दाबले आणि गटातल्या गटातच क्रम लावला. आभाळातला फ्लेमिंगो त्याच्या गटात पहिला आला, तिवरांचे फोटो तळाला.

एक अडचण उरलीच. बोट हादरत असताना घेतलेला अख्खा गटच हललेला असेल, तर त्यातलाही एक पहिला येतोच. म्हणून प्रत्येक गटाचा पहिला फोटो पूर्ण आकारात उघडून डोळ्याने बघावा लागतो. भाच्याला हे पटत नाही, तो अजून एखादा किमान आकडा शोधतोय.