दोन सेन्सर, एकच एफएफटी

"ताई, मोटरचा आणि जमिनीचा, दोन्ही सेन्सरचे आकडे तुम्ही एकाच एफएफटीत घालता. मग ते एकमेकांत मिसळत नाहीत का?"

मिसळतात. पण पुन्हा वेगळे करता येतील अशा रीतीने मिसळतात, आणि ही रीत समजली की मनातली शंका उरत नाही.

मी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पंपांची कंपनं मोजते आणि एफएफटीनं, म्हणजे सिग्नल फ्रीक्वेन्सींत फोडणाऱ्या गणितानं, कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती कंपन आहे ते बघते. माझ्या पेटीत एक छोटी चिप आहे आणि तिच्या लायब्ररीत फक्त कॉम्प्लेक्स एफएफटी आहे. म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याला दोन कप्पे आहेत, एक रिअल भागाचा आणि एक इमॅजिनरी भागाचा. सेन्सरचे आकडे साधे, रिअल. एकच सेन्सर घातला तर दुसऱ्या कप्प्यात नुसती शून्यं भरावी लागतात आणि चिप त्या शून्यांवरही तेवढीच राबते. म्हणून मी पहिल्या कप्प्यात मोटर (x) ठेवते आणि दुसऱ्यात जमीन (y). आत जातं ते z = x + iy, बाहेर येतं ते Z = X + iY.

इथे X आणि Y, म्हणजे x आणि y यांची रूपांतरं, दोन्ही स्वतःच कॉम्प्लेक्स आहेत. त्यामुळे "Z चा रिअल भाग मोटरचा, इमॅजिनरी भाग जमिनीचा" असं वाचता येत नाही. सुरुवातीला बहुतेक जण नेमकं हेच करतात, आणि आलेख दिसायला बरा दिसत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

वेगळं करण्याची किल्ली आहे ती आरशात. कुठल्याही रिअल सिग्नलचं रूपांतर मध्यावर आरसा धरल्यासारखं असतं. नमुने N असतील तर रूपांतरातही N जागा असतात, त्यांना बिन म्हणतात. k या बिनमध्ये जी संख्या, तिचाच कॉन्जुगेट N−k या बिनमध्ये. म्हणजे रिअल भाग तोच, इमॅजिनरी भागाचं फक्त चिन्ह उलटं. X हा नियम पाळतो, Y सुद्धा पाळतो. पण Y ला आपण i ने गुणलंय, आणि कॉन्जुगेट घेताना i चा −i होतो. म्हणून Z[N−k] चा कॉन्जुगेट घेतला की हाती X[k] − iY[k] येतं. Z[k] तर X[k] + iY[k] आहेच. बेरीज केली की जमीन गळून पडते, वजाबाकी केली की मोटर.

चार नमुन्यांवर हातानं करून बघा. x = 1, 2, 3, 4 आणि y = 1, 0, 2, 1. मग z होतो 1+i, 2, 3+2i, 4+i. त्याच्या रूपांतरात Z[1] = −3+i आणि Z[3] = −1−3i. Z[3] चा कॉन्जुगेट −1+3i. बेरजेची निम्मी −2+2i, आणि x चं रूपांतर एकट्यानं केलं तरी X[1] तेवढाच येतो. वजाबाकी −2−2i, तिला 2i ने भागलं की −1+i, आणि हाच Y[1]. मी स्वतः वहीत हे एकदा मांडलं तेव्हा माझा विश्वास बसला.

कोडमध्ये एवढंच:

```
for k in range(N//2 + 1):
    a = Z[k]
    b = Z[(N - k) % N].conjugate()
    X[k] = (a + b) / 2
    Y[k] = (a - b) / 2j
```

यातला `% N` विसरू नका. k = 0 असताना N−k म्हणजे N, आणि तो कप्पा अस्तित्वातच नाही. शून्याचा जोडीदार शून्यच. तिथे (आणि N सम असेल तर N/2 लाही) Z चा रिअल भाग सरळ X असतो आणि इमॅजिनरी भाग सरळ Y. फक्त या दोन जागीच वरचं चुकीचं वाचन बरोबर ठरतं.

कागदावर ही विभागणी बिनचूक आहे. चिपवर मात्र तसं नसतं, आणि हे मला मुलुंडच्या एका सोसायटीत कळलं. तळमजल्यावरच्या एका आजींची तक्रार होती की पंप सुरू झाला की त्यांची लादी गुणगुणते. मोटर दोन पोलची, साधारण 2900 आरपीएम, म्हणजे सुमारे 48 हर्ट्झ. मी सेकंदाला 1024 नमुने घेत होते, एफएफटीही 1024 ची, त्यामुळे एक बिन म्हणजे एक हर्ट्झ. मोटरचा सिग्नल 20000 काउंटचा, आजींच्या लादीचा जेमतेम 10 चा. चिप 16 बिटांच्या पूर्णांकांत काम करते आणि आकडे फुगू नयेत म्हणून दहाही टप्प्यांवर निम्मे करते, त्यामुळे शेवटी मोटरचं शिखर 10000 आणि लादीचं 5 यायला हवं. लादीचं आलं 7.

शंका आली म्हणून y मध्ये सगळी शून्यं भरली आणि मोटर तशीच ठेवली. Y मध्ये 48 हर्ट्झला तरीही 3 काउंटचं शिखर उभं! ते मोटरचं भूत होतं. प्रत्येक टप्प्यावर आकडे जवळच्या पूर्णांकावर गोल होतात, आत साठवलेल्या साइन-कोसाइनच्या किमतीही गोल केलेल्या असतात, त्यामुळे Z[k] आणि Z[N−k] यांचा आरसा किंचित वाकडा होतो. वजाबाकीत मोटर पूर्ण गळत नाही. 10000 मधला हा चुरा मोटरच्या आलेखात कुणाला दिसणारही नाही, पण 5 च्या शेजारी तो निम्म्याहून मोठा आहे.

उपाय एफएफटीच्या आधीचा आहे. y ला 512 ने गुणलं, लादीचे 10 काउंट 5120 झाले, शिखर 2560 चं. भुताचे काउंट तेच तीन राहिले. वेगळं केल्यावर Y ला 512 ने भागलं आणि उत्तर 5 वर स्थिरावलं. अर्थात सेन्सरनं मुळात दहाच काउंट दिले होते, त्यातला खडबडीतपणा गुणाकारानं जात नाही. एफएफटीच्या गोलाईपासून तेवढा बचाव होतो.

हा 512 कायमचा लिहून ठेवू नका. कुणी लादीवरून दणदण चालत गेलं आणि एखादा नमुना 64 काउंटचा आला, तर 64 × 512 = 32768, आणि 16 बिटांत 32767 च्या पुढे जागा नाही. मी आता प्रत्येक खेपेला y चा सर्वांत मोठा नमुना पाहून गुणक ठरवते. शिवाय x आणि y वेगवेगळे मावले म्हणजे झालं असंही नाही. आतल्या टप्प्यांत z गोल फिरतो, तेव्हा x² + y² चं वर्गमूळ मावायला हवं. दोन्ही कप्पे काठोकाठ भरले तर ते 1.4 पट होतं.

लॅपटॉपवर मी हे काही करत नाही. तिथे `numpy.fft.rfft` रिअल सिग्नलसाठीच आहे, दोनदा बोलवते आणि मोकळी होते. पेटीतली चिप किंवा तिची लायब्ररी बदलली की मात्र शून्याची परीक्षा पुन्हा घेते, आधी y शून्य ठेवून आणि मग x शून्य ठेवून. जे शिखर मोटरचा वेग बदलल्यावर तिच्या मागोमाग सरकतं आणि y मध्ये शून्य भरल्यावरही नाहीसं होत नाही, ते लादीचं नाही.