उकळतंय ते उकळू द्यायचं

“एलएनजी जहाजावर वाटभर उकळत असतं म्हणता, मग टाकी घट्ट बंद करून का नाही ठेवत? आणि तो उडालेला गॅस जातो कुठे?”

एलएनजी म्हणजे खूप थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. आधी माठ आठवा. माठ पाझरतो आणि पाझरलेलं पाणी उडून जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. माठाला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा, पाणी कोमट होईल. एलएनजीच्या टाकीत हेच चालतं. ते थंड ठेवायला जहाजावर मोठं फ्रीज लागत नाही. उणे १६० अंशांच्या आसपासचा द्रव स्वतःचा थोडा भाग उडवून स्वतःला थंड ठेवतो. एक किलो उडाला की साधारण ५१० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तो उडालेला भाग म्हणजे बॉइल-ऑफ गॅस, जहाजावरच्या भाषेत बीओजी.

आता उष्णता आत येते किती ते पाहू. आजचं नेहमीच्या मापाचं जहाज १,७४,००० घनमीटरचं असतं, चार टाक्यांचं. मेंब्रेन प्रकारात टाकीची आतली भिंत म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. त्याला मुद्दाम नालीदार सुरकुत्या पाडलेल्या असतात, कारण थंडीने तो आक्रसतो आणि सुरकुत्या नसत्या तर फाटला असता. मागे पॉलियुरेथेनचा फोम. जुन्या बांधणीत तो २७० मिलिमीटर जाड असे आणि रोज क्षमतेच्या ०.१५ टक्के माल उडे. फोम ४०० मिलिमीटर केल्यावर हा आकडा ०.०८५ टक्क्यांवर आला. म्हणजे दिवसाला जवळपास १४८ घनमीटर द्रव, वजनात ६६ टन. उष्णतेच्या हिशेबात हे ३९० किलोवॉट होतात: दोन किलोवॉटचे जवळपास दोनशे गिझर रात्रंदिवस चालू. एवढ्या मोठ्या जहाजाच्या मानाने ही गळती फारच कमी आहे, पण शून्य ती कधीच होत नाही.

बंद का नाही ठेवत, याचं उत्तर टाकीच्या ताकदीत आहे. मेंब्रेन टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह साधारण २५० मिलिबारला उघडतो. घरच्या कुकरची शिट्टी त्याच्या चौपट दाबाला होते. ही टाकी दाब पेलायला बांधलेलीच नाही. ती द्रवाचं वजन इन्सुलेशनमार्फत जहाजाच्या सांगाड्यावर टेकवते, बस. तरी समजा बंद केलीच. तर ती सगळी उष्णता द्रवातच मुरेल आणि भरलेल्या जहाजाचा ७७,००० टन माल दिवसाला अंदाजे अंशाच्या आठव्या भागाने तापेल. वीस दिवसांत अडीच अंश. ऐकायला काहीच नाही, पण या तापमानाला एका अंशामागे बाष्पदाब सुमारे ८० मिलिबार वाढतो. म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याच्या दारात पोचलोच. शिवाय हा हिशेब माल सगळीकडे सारखा ढवळला जातो असं धरून आहे. प्रत्यक्षात गरम झालेला द्रव वर तरंगतो, दाब त्या वरच्या थराच्या तापमानावर ठरतो आणि त्यामुळे तो याहून लवकर चढतो.

म्हणून गॅस काढून घेतात आणि जाळतात. टाकीच्या माथ्यावरच्या डोममधून तो सामाईक पाइपात येतो, तिथून कॉम्प्रेसर, मग हीटर, मग इंजिन. कॉम्प्रेसरच्या आधी थेंब अडवणारा सेपरेटर लागतो. कॉम्प्रेसरच्या पात्यांत द्रव शिरला तर ती खराब होतात, म्हणून त्यातली पातळी वाढली की यंत्र आपोआप बंद पडतं. इंजिनाला किती दाब हवा हे त्याच्या जातीवर. कमी दाबाच्या टू-स्ट्रोक इंजिनाला दहा-बारा बार पुरतात, उच्च दाबाच्याला ३०० बार लागतात, जुन्या वाफेच्या जहाजांच्या बॉयलरला तर एवढ्या दाबाच्या आसपास पोचायचीही गरज नसे.

खरी गंमत वेगात आहे. अमेरिकेच्या आखातातल्या सबीन पास बंदराहून दाभोळला माल येतो तो प्रवास सुएझमार्गे तीन आठवड्यांहून जास्त. २०१८ च्या मार्चमध्ये ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घकालीन करारातलं पहिलं जहाज तिथून दाभोळला आलं. असा प्रवास आपल्या जहाजाने केला असं समजू. १९ नॉटला सगळ्या यंत्रांना मिळून रोज ८० टन गॅस लागतो म्हणा. उडतोय ६६ टन. मग तूट भरायला थोडा द्रव मुद्दाम वाफवावा लागतो, त्यासाठी वेगळा व्हेपोरायझर असतो. आता निरोप आला, गोदी रिकामी नाही, हळू या. जहाज १३-१४ नॉटवर आलं की इंजिनाची भूक ४० टनांवर येते, पण सूर्य आणि समुद्र आपली उष्णता कमी करत नाहीत. रोजचे २६ टन जास्तीचे.

या २६ टनांचं करायचं काय, तर तीन वाटा. दाब थोडा चढू द्यायचा, म्हणजे टाकीलाच काही दिवस गोदाम करायचं. किंवा जहाजावर पुन्हा द्रव करायचं यंत्र असेल तर ते चालवायचं, पण ते वीज खातं. नाहीतर जीसीयू नावाच्या भट्टीत जाळून टाकायचं. तिचा उपयोग फक्त विल्हेवाट. गॅस ज्या उष्णतेच्या मापाने विकतात त्या एमएमबीटीयूला १० डॉलर भाव धरला तर रोजचे साडेतेरा हजार डॉलर धुरात. माझ्या मते भट्टीकडे वळायच्या आधी जहाज भाड्याने घेणाऱ्याने ते थोडं लवकर पोचवून नंतर नांगरावर थांबवण्याचा हिशेब घालून पाहावा. बऱ्याचदा तोही परवडत नाही, कारण नांगरावर भूक आणखी कमी आणि बीओजी तेवढाच.

पहिली वाट फुकटची दिसते, तिचं बिल शेवटी येतं. दाब चढवून आणलेला माल म्हणजे तापलेला माल. उतरवताना किनाऱ्यावरची टाकी कमी दाबाची असेल तर तो तिथे भसकन उकळतो आणि टर्मिनलचे कॉम्प्रेसर कमी पडतात. म्हणून टर्मिनल पोचतानाच्या दाबावर मर्यादा घालतात आणि जहाजाला शेवटच्या काही दिवसांत दाब उतरवत यावं लागतं. उतरवणं म्हणजे साठवलेली उष्णता आता उडवून बाहेर काढणं, तेव्हा बीओजी अचानक फुगतो आणि भट्टी पेटवावी लागतेच.

एक बारीक गोष्ट नवख्यांना चकवते. दाब मोजायचा तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत की निरपेक्ष? वादळ आलं आणि वायुदाब १५ मिलिबारने पडला की तुलनात्मक मीटरवर टाकीचा दाब तेवढाच वर गेलेला दिसतो, आत काहीही बदललेलं नसताना. कंट्रोल त्यावर असेल तर कॉम्प्रेसर जास्त ओढायला लागतो आणि फुकट माल जातो. म्हणून समुद्रात निरपेक्ष दाबावर चालवतात, पण सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र तुलनात्मकच समजतो, ते ध्यानात ठेवून. वादळात जहाज हेलकावतं तेव्हा वरचा तापलेला थर ढवळला जातो आणि उडण्याचं प्रमाण खरंच वाढतं, ते वेगळं.

माल उतरल्यावरही टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाला थोडा द्रव, हील, ठेवतात. परतीच्या वाटेवर तोच इंजिनाला पुरतो आणि पोचायच्या आधी पंपाने वरच्या नळ्यांतून फवारून टाकी थंड करायच्या कामी येतो. तो संपला तर पुढच्या बंदरात उणे १६० चा द्रव कोमट टाकीत ओतता येत नाही. आधी हळूहळू थंड करत बसावं लागतं आणि गोदीतली रांग तुमच्यासाठी थांबत नाही.