ज्येष्ठेचा पिवळा आणि शहराचा नारिंगी : आमची वाटचाल

सोलापुरातील आमचा व्यवसाय मूळचा लग्नसमारंभांचे छायाचित्रण आणि मोठ्या आकाराचे प्रिंट यांचा. रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे आमच्याकडे प्रथम आली ती केवळ छपाईसाठी. हौशी आकाशनिरीक्षक आपले चित्र पेन ड्राइव्हवर घेऊन येत, आम्ही ते जाड मॅट कागदावर छापून देत असू, आणि बहुतेक वेळा ग्राहकाचा पहिला प्रश्न एकच असे, की स्क्रीनवर जेमतेम जाणवणारा नारिंगी पट्टा कागदावर एवढा ठळक का उमटला. प्रिंटरच्या रंगांशी खेळून तो पट्टा जात नाही, कारण तो चित्रातच असतो. तो मुळापासून काढायचा तर छपाईच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यावर हात घालावा लागतो, आणि आमचा आजचा निम्मा व्यवसाय त्या टप्प्यावरच उभा आहे.

सोलापूर परिसरातील छायाचित्रकार बहुधा शहराच्या उत्तरेला, बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला जातात. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरील हा माळरानाचा भाग मोकळा आहे आणि क्षितिजापर्यंत आडकाठी नाही. अडचण एवढीच की तिथून सोलापूर नेमके दक्षिणेला राहते, आणि उन्हाळ्यात पाहण्यासारखे जे काही असते ते दक्षिणेलाच असते. ज्येष्ठा हा तारा आपल्या अक्षांशावरून दक्षिणेला सुमारे ४६ अंशांपर्यंत चढतो. एप्रिलच्या मध्यावर पहाटे साडेतीनच्या थोडे आधी तो सर्वांत उंच असतो, तेव्हा त्याच्या बरोबर खाली शहराच्या प्रकाशाचा घुमट पसरलेला असतो. हा प्रकाश क्षितिजाजवळ दाट आणि वर जाऊ तसा विरळ असल्यामुळे चित्राच्या खालच्या कडेला गडद नारिंगी आणि वरच्या कडेला जवळपास काळा असा उतार तयार होतो. सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा असल्याने तो चित्राच्या तीन रंगवाहिन्यांपैकी लाल आणि हिरव्या वाहिनीत भरतो, निळ्या वाहिनीत कमी. पांढरे एलईडी मात्र निळ्या वाहिनीलाही सोडत नाहीत. त्यामुळे तिन्ही वाहिन्यांतील उतार वेगवेगळा असतो आणि प्रत्येक वाहिनीचा वेगळा हिशेब करावा लागतो.

ज्येष्ठेचेच उदाहरण घेण्याचे कारण असे, की पार्श्वभूमी, म्हणजे शहराच्या प्रकाशाचा हा उतार, काढण्याच्या कामाची खरी परीक्षा तिथे होते. ज्येष्ठा हा लाल महातारा असून त्याच्याभोवतीची धूळ त्याचाच प्रकाश विखुरते, म्हणून तिथे पिवळसर नारिंगी तेजोमेघ दिसतो. त्याच्या उत्तरेला सुमारे तीन अंशांवर रो ऑफियुची या ताऱ्याभोवती निळा तेजोमेघ आहे, शेजारी एम४ हा गोलाकार तारकागुच्छ आहे, आणि पूर्वेकडे काळ्या धुळीचे लांब पट्टे वाहत गेले आहेत. म्हणजे जो रंग काढायचा आहे, जवळपास तोच रंग राखायचाही आहे. एक शिक्षक ग्राहक असेच चित्र घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांनी स्वतः एका स्वयंचलित पद्धतीने पार्श्वभूमी काढली होती. आकाश अगदी सपाट झाले होते, परंतु ज्येष्ठेभोवतीचा पिवळा करडा पडला होता आणि काळे पट्टे धुतल्यासारखे पुसट झाले होते. ‘‘शहराबरोबर नक्षत्रही गेलं हो,’’ असे ते म्हणाले. मूळ फाइल त्यांनी जपून ठेवल्या होत्या, म्हणून पुढचे काम शक्य झाले.

त्यांच्याकडे १३५ मिलिमीटरच्या लेन्सने फुल फ्रेम कॅमेऱ्यावर टिपलेल्या, प्रत्येकी ९० सेकंदांच्या ६० फ्रेम होत्या. एकूण दीड तासाचा प्रकाश आणि सुमारे १५ अंश गुणिले १० अंशांचे क्षेत्र. आम्ही सर्वप्रथम पाहिले ते फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाची त्याच लेन्सने घेतलेली छायाचित्रे, आहेत की नाहीत. लेन्सच्या कडांना प्रकाश कमी पोचतो, आणि ही घट ताऱ्यांना व आकाशाला सारख्याच प्रमाणात लागू होते, म्हणून ती भागाकाराने दुरुस्त करायची असते. शहराचा प्रकाश मात्र ताऱ्यांच्या प्रकाशात वरून मिसळलेला असतो, म्हणून तो वजा करायचा असतो. फ्लॅटशिवाय थेट वजाबाकी केली तर पार्श्वभूमी सपाट दिसते, पण कोपऱ्यातील तारे आणि तेजोमेघ मंदच राहतात. काढलेल्या पार्श्वभूमीच्या चित्रात मध्यभागी उजळ आणि कडांकडे गडद अशी गोल वलये दिसली, तर दोष फ्लॅटचा आहे असे समजावे. शहराचा प्रकाश लेन्सच्या केंद्राभोवती फेर धरत नाही.

फ्लॅट लावून झाल्यावर, स्टॅक करण्यापूर्वीच, म्हणजे सर्व फ्रेम एकमेकींवर जुळवून एकत्र करण्यापूर्वीच, आम्ही प्रत्येक फ्रेममधून एक साधा उतार वजा केला. दीड तासात कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर ताऱ्यांचा पाठलाग करतो, शहर मात्र जागचे हलत नाही, त्यामुळे पहिल्या फ्रेममधील उताराची दिशा आणि शेवटच्या फ्रेममधील दिशा वेगळी असते. हे फरक तसेच ठेवून स्टॅक केला तर उपग्रहाच्या रेषा गाळणारी गणिती चाळणी कोपऱ्यांतील निरोगी पिक्सेलही गाळू लागते, किंवा गाळायचे ते सोडून देते. एका फ्रेमपुरता उतार बहुधा सरळ असतो, म्हणून पहिल्या घाताची बहुपदी पुरते, आणि एवढे सपाट प्रतल तेजोमेघाच्या आकाराला चिकटूही शकत नाही. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम आणि त्यापुढची फ्रेमची जुळवणी दोन ओळींत होते :

```
seqsubsky pp_light 1
register bkg_pp_light
```

स्टॅक तयार झाल्यावर फ्रेम सरकल्यामुळे उरलेल्या कडा कापल्या, कारण अर्धवट झाकलेली कड मॉडेलला आपल्याकडे ओढते. त्यानंतरही खाली थोडा वाकडा उतार शिल्लक होता. वजाबाकी न करता केलेल्या तुलनेच्या स्टॅकमध्ये लाल वाहिनीची पातळी खालच्या कडेला सुमारे २९०० आणि वर १९०० होती, निळ्या वाहिनीत हाच फरक १७०० ते १४५० एवढाच होता, आणि ज्येष्ठेभोवतीचा पिवळा तेजोमेघ लाल वाहिनीत आकाशापेक्षा जेमतेम दीडशेने वर होता. हे आकडे शेजारी ठेवले की काम किती नाजूक आहे ते कळते. मॉडेल त्या ठिकाणी दीडशेने जरी फुगले, तरी तेजोमेघ संपला.

उरलेला उतार आम्ही पिक्सइनसाइट या सॉफ्टवेअरमधील DynamicBackgroundExtraction मध्ये काढला, कारण तिथे नमुन्याचे ठिपके हाताने ठेवता येतात. प्रत्येक ठिपक्यापाशी आकाशाची पातळी मोजली जाते आणि त्या मोजमापांमधून एक गुळगुळीत पृष्ठभाग ताणला जातो, चादर चार खुंट्यांना बांधून ताणावी तसा. सारी मेख हे ठिपके कोठे ठेवायचे यात आहे. स्वयंचलित जाळे टाकले तर काही ठिपके ज्येष्ठेच्या पिवळ्यावर पडतात आणि तो पिवळा पार्श्वभूमीत धरला जाऊन वजा होतो. काही ठिपके काळ्या पट्ट्यांवर पडतात. तिथे अंधार आहे म्हणून ती रिकामी जागा असावी असे वाटते, प्रत्यक्षात तिथे धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवत असते. असा ठिपका मॉडेलला खाली खेचतो, त्या जागी वजाबाकी कमी होते आणि काळा पट्टा उजळून आसपासच्या आकाशात मिसळून जातो. शिक्षकांच्या चित्रात या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या होत्या.

म्हणून आम्ही जाळे न वापरता मोजकेच ठिपके ठेवले : पश्चिमेकडील तुलनेने मोकळ्या आकाशात अधिक, चारही कडांना थोडे, आणि ज्येष्ठा, रो ऑफियुची व काळे पट्टे यांच्या मधल्या भागात जवळपास काहीच नाही. पूर्वेची बाजू कठीण गेली, कारण तिकडे आकाशगंगेची उजळी सुरू होते आणि खऱ्या अर्थाने रिकामी जागा उरत नाही. तिथे ठिपक्यांचे मोजमाप खरे मानण्यापेक्षा पृष्ठभाग अधिक ताठ ठेवणे आम्हाला योग्य वाटले, म्हणून गुळगुळीतपणाचा आकडा वाढवला आणि थोडा उतार शिल्लक राहिला तर राहू दिला. पूर्ण सपाट आकाशाचा आग्रह अशा क्षेत्रात चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नंतर काढलेल्या पार्श्वभूमीचे मॉडेल वेगळे उघडून कॉन्ट्रास्ट कमाल करून पाहिले. त्यात दक्षिणेकडून वर विरत जाणारा नारिंगी उतार असावा आणि त्याखेरीज काहीही नसावे. ज्येष्ठेच्या जागी फुगवटा किंवा पट्ट्यांच्या जागी खळगा दिसला तर एखादा ठिपका चुकला आहे, तो शोधून काढून पुन्हा मॉडेल करायचे. हे सर्व लिनिअर डेटावर, म्हणजे मंद भाग दिसावेत म्हणून चित्र उजळण्यापूर्वी, स्ट्रेच करण्यापूर्वी, चालते. स्क्रीनवर दिसावे म्हणून केलेला स्ट्रेच केवळ दाखवण्यापुरता असतो. एकदा चित्र खरोखर स्ट्रेच केले की साध्या बेरजेचा प्रकाश साध्या वजाबाकीने निघत नाही. ताऱ्यांच्या आधारे रंग जुळवण्याचे कामही याच्या नंतरचे, कारण ते गुणाकाराने चालते आणि वरून मिसळलेला नारिंगी गुणाकाराने जात नाही.

एवढे करूनही चित्रातील पिवळा तेजोमेघाचाच आहे याची खात्री कशी करावी, हा प्रश्न शिक्षकांनीच विचारला आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर सोलापूरच्या भूगोलातच मिळाले. पुढच्या अमावास्येच्या सुमारास त्यांनी शहराच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या बाजूला जाऊन त्याच क्षेत्राच्या काही फ्रेम घेतल्या. तिथून शहर पाठीमागे उत्तरेला राहते, म्हणून चित्राच्या खालच्या कडेचा नारिंगी उतार जवळपास नाहीसा झाला. दोन्ही चित्रे एकाच मापात शेजारी ठेवली तेव्हा जो पिवळा दोन्हींत त्याच जागी होता तो ज्येष्ठेचा ठरला, आणि नान्नजच्या चित्रात खालच्या कोपऱ्याजवळ उरलेली एक तांबूस छटा शहराची. ती छटा आम्ही दुसऱ्या फेरीत काढली. तेव्हापासून धुळीने भरलेल्या क्षेत्रासाठी आम्ही ग्राहकांना शहराच्या दुसऱ्या बाजूने घेतलेल्या थोड्या फ्रेम मागून ठेवतो.

वजाबाकीने प्रकाशाची पातळी जाते, त्या प्रकाशाबरोबर आलेला कण-कण गोंगाट जात नाही. २९०० आणि १९०० या पातळ्यांचा विचार केला तर खालच्या भागातील गोंगाट वरच्यापेक्षा सुमारे पाव पटीने अधिक राहतो, कारण तो प्रकाशाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मोठ्या प्रिंटमध्ये खालची कड अधिक खरखरीत दिसते, आणि ती लपवण्यासाठी आम्ही चित्र खालून थोडे कापण्याचा सल्ला देतो. क्षितिजाजवळ हवेने गिळलेला निळा प्रकाशही वजाबाकीने परत येत नाही. फ्रेमवर विरळ ढग असेल तर शहराचा प्रकाश त्यावर पडून डाग उमटतात, ते कोणत्याही गुळगुळीत पृष्ठभागात बसत नाहीत, आणि अशा फ्रेम आम्ही स्टॅकपूर्वी बाजूला काढतो.

सध्या आम्ही काम घेताना रॉ फाइल आणि फ्लॅट फ्रेम मागतो. केवळ जेपीजी असेल तर ते आधीच स्ट्रेच झालेले आणि आठ बिटांत दाबलेले असते, त्यातील उतार काढला की आकाशात पायऱ्या दिसू लागतात, म्हणून असे काम आम्ही छपाईपुरतेच स्वीकारतो आणि दरपत्रकात तसे छापले आहे.