टेप आणि मस्टर

आज दिवसभर मनरेगाच्या सोशल ऑडिटला गावात होतो, डोकं अजून तिथंच आहे. डोंगरउतारावरच्या समतल चरांचं काम, एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, लांबी 400 मीटर आणि खोली 45 सेंटीमीटर लिहिलेली, आम्ही टेप धरला तर चर 310 मीटरवरच संपले. खोली 25 भरली, पण तेवढ्यावर कुणाला चोर म्हणता येत नाही, कारण दोन पावसाळ्यांत गाळ बसतोच, म्हणून कुदळीनं गाळ काढून खालचा कडक मुरूम लागेपर्यंत बघितलं, तेव्हा खोली बरोबर निघाली. लांबी मात्र गाळानं कमी होत नाही ना!

मग मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, घेऊन घरोघरी गेलो. एका मावशींच्या नावावर 12 दिवस हजेरी, त्या म्हणाल्या, "सहाच दिवस गेले बाबा, नंतर सोयाबीन काढायला होते." जॉबकार्ड मागितलं तर पानं कोरी, कार्ड वर्षभर दुसऱ्याच्याच ताब्यात होतं म्हणे. पासबुकात मजुरी 12 दिवसांची जमा आणि त्यातली निम्मी कुणीतरी मागून नेलेली. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पेन चालवता येईना. जबाब वाचून दाखवला, अंगठा घेतला. परवा ग्रामसभेत हे सगळं मोठ्यानं वाचायचंय, मावशी येते म्हणाल्यात.